नाश्ता सोडला आणि सकाळचं प्रेशरही गेलं? मग विंडो हलवा

सोळा तास उपवास आणि उरलेल्या आठ तासांच्या विंडोतच खायचं, असं सोळा-आठ फास्टिंग सुरू केलं, पॅन्ट सैल झाली, पण सकाळी पोट साफ होत नाही, असं कुणी म्हणालं की लगेच दहा जण इसबगोल घे, कोमट पाणी पी, लिंबू पिळ असं सुरू करतात. एकजण विचारत नाही की बाबा तू पहिला घास किती वाजता खातोस? बऱ्याच वेळा घोळ तिथेच असतो.

रात्रभर मोठं आतडं बऱ्यापैकी शांत असतं, आपण उठलो की तेही हलायला लागतं. त्यावर पोटात अन्न पडलं, जठर ताणलं गेलं की आतड्याला दुसरा धक्का मिळतो, याला डॉक्टर गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात आणि तो खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात जाणवतो. नाश्त्यामुळे हे दोन्ही धक्के एकत्र येतात. नाश्ता सोडला की सकाळी एकच उरतो आणि दुसरा येतो दुपारी, पहिल्या जेवणावर.

माझा मावसभाऊ ऐरोलीला राहतो, ऑफिस महापेला. विंडो दुपारी 1 ते रात्री 9. एकला डबा संपवला की वीस-पंचवीस मिनिटांत प्रेशर, आणि नेमका तेव्हाच कॉल लागलेला, नाहीतर ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जायची लाज. दाबायचा. दाबलं की गुदाशय सैल होतो आणि कळ विरते, पण मल तिथेच राहतो, त्यातलं पाणी शोषलं जात राहतं, दुसऱ्या दिवशी सकाळी लेंड्यांसारखे खडे आणि कुंथणं. आठवडाभर हेच. मग तो फायबर वाढवत बसला, त्याने नुसता गॅस झाला.

आधी विंडो सकाळकडे सरकवा. त्याची आम्ही सकाळी 7:30 ते संध्याकाळी 5:30 केली, म्हणजे उपवास सोळाऐवजी चौदा तासांचा झाला. दोन तास गेले तर गेले, रोज टिकणारे चौदा तास मला जास्त पटतात. शेवटचं जेवण भाकरी-भाजीचा दुसरा डबा, ऑफिसमध्येच. घरी नऊला सगळे ताटावर बसतात तेव्हा मावशीचं "अरे एक घास तरी घे" चालूच असतं, तिथे मात्र स्वतःच निभावावं लागतं.

नाश्ता नावापुरता नको. दोन बिस्किटांनी आतडं फारसं हलत नाही, त्याला पोट भरल्याची जाणीव आणि थोडं फॅट लागतं. शेंगदाणे आणि ओलं खोबरं घातलेले पोटभर पोहे, किंवा दोन अंडी आणि भाकरी, सोबत ग्लासभर पाणी.

आता खरी गोची, म्हणजे खाल्ल्यानंतरचा अर्धा तास. मीही इथेच अडकायचो, कारण नाश्ता करून लगेच ठाणे स्टेशन गाठायचं आणि प्रेशर यायचं मुलुंडला, लोकलमध्ये उभं असताना. म्हणून घरातून निघायच्या वेळेपासून उलटं मोजा: साडेआठला निघायचं तर साडेसातला ताट समोर हवं, आणि मधला वेळ घरातच काढायचा, शूज चढवून दारात उभं राहून नाही. साधारण वीस मिनिटांनी जाऊन बसा, कळ हलकी असली तरी. वेस्टर्न कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कंबरेच्या वर आले की गुदाशयाचा वाक सरळ व्हायला मदत होते. फोन बाहेर. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा, जोर लावू नका, मूळव्याधीला आमंत्रण कशाला? आणि चार दिवसांत निकाल मागू नका, रोज तीच वेळ पाळली की दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडतं. रविवारी दहापर्यंत लोळलात तर सोमवारी ते जाणवेल.

सकाळी अजिबात खाणं जमतच नसेल तर उठल्यावर ब्लॅक कॉफी घेऊन बघा, बिनसाखर, बिनदूध. काही जणांचं आतडं तिने काही मिनिटांतच हलतं, काहींवर ढिम्म परिणाम नाही. तेही नाही झालं तर पहिलं जेवण अशा वेळी ठेवा की नंतर निवांत टॉयलेटला जाता येईल, मग ती दुपार का असेना. कळ दुपारी आली म्हणून काही बिघडत नाही, बिघडतं ते दाबल्याने.

अजून एक. खाणं कमी झालं की मलही कमी होतो, त्यामुळे एखाद दिवस गेला तर बद्धकोष्ठ म्हणून घाबरू नका, आठवड्यातून तीनदा मऊ आणि सहज होत असेल तरी ते नॉर्मलच धरतात. पण रक्त दिसलं, कारण नसताना वजन घटत राहिलं किंवा सवय अचानक बदलून तशीच राहिली, तर विंडोशी खेळत बसू नका, डॉक्टरकडे जा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फास्टिंग सुरू करायच्या आधीच विचारा, डोस तसाच ठेवून जेवण पुढे ढकललं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते.