रशियन अंगाईतला अडखळणारा झोका

भुसावळला आमच्या रशियन सुनेसाठी ‘नीज माझ्या पाखरा’ ही ओळ तिच्या भाषेत करताना ‘उस्नी, मोय प्तेन्चिक, उस्नी’ अशी स्वर मोजून ७ अक्षरे जमली, तरी चाल अडखळत होती. पाळण्याचा झोका पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या अक्षरावर येतो. मराठीत तो कुठेही पेलतो, पण रशियन शब्दात कुठल्या अक्षरावर आघात द्यायचा हे ठरलेले असल्याने ‘उस्नी’तला आघातहीन ‘उ’ लांबवला की सूनबाईंना शब्दच परका वाटे. (मांडीवर ठेका धरून ओळ नुसती म्हटली की हा दोष लगेच कळतो.) म्हणून ‘झोप’ अशाच अर्थाचा ‘स्पी’ घेऊन ‘स्पी, मोय प्तेन्चिक, स्पी, उस्नी’ असे केले: अक्षरे तेवढीच, चारही झोके आघातावर, आणि शेवटी लांबवायला मोकळा ‘ई’. पाखराच्या पिल्लासाठीच्याच ‘प्तेनेत्स’ या शब्दावर ओळ संपवली असती, तर गणित जुळूनही शेवटच्या ‘त्स’ने अंगाईचा मऊपणा गेला असता.