फोन एकदम बंद करू नका: बर्नआउटमधून सावरताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीत वाळूच्या साच्यात धातू ओतणाऱ्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी सांभाळायचो. एका संध्याकाळी मोल्डिंगवरचा जुना कारागीर हातात भोकं पडलेलं कास्टिंग घेऊन आला. "साहेब, ब्लोहोल यायला लागल्यात. वाळूचं मॉइश्चर बघूया का?" मी मान वरही केली नाही. "टाका स्क्रॅपला," म्हणालो. तो क्षणभर थांबला आणि निघून गेला. वाळू हातात घेऊन मूठ दाबून बघणं हा एके काळी माझ्या आवडीचा भाग होता.

पहिली चूक इथेच होते. आपण फक्त थकव्याकडे बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली स्थिती म्हणून. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. थकवा लगेच कळतो. कडवटपणा मात्र आपल्याला स्वभाव वाटतो, तो आधी दिसतो सोबतच्या माणसांना. माझ्या बाबतीत तो त्या कारागिराला दिसला. दुसरी खूण सुट्टीची. साध्या थकव्यात दोन रात्रींची झोप झाली की माणूस ताजातवाना होतो. मी सुट्टीच्या संध्याकाळी रंकाळ्यावर मुलीसोबत बसलेलो असायचो आणि डोक्यात रात्रपाळीची भट्टी चालू असायची.

सगळं बर्नआउटवर ढकलणं हीसुद्धा चूकच. हिमोग्लोबिन, थायरॉइड किंवा बी-12 कमी-जास्त असलं तरी असाच गळाठा येतो, म्हणून डॉक्टरांना दाखवा, त्या तपासण्या करून घ्या. आणि उदासी कामापुरती न राहता घर, जेवण, माणसं सगळ्यांतच उतरली असेल, जगणं नको वाटत असेल, तर कामाच्या फोनला मर्यादा आखत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक लावा किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक पुढची. वैतागून मी ठरवलं, घरी गेलो की फोन बंद. कोणाला सांगितलं नाही, मागे कोणी नेमला नाही. तिसऱ्या रात्री चुकीच्या ग्रेडचं मेटल ओतलं गेलं आणि सगळा लॉट गेला. सकाळी मालकांनी एवढंच विचारलं, "फोन का बंद होता?" त्या दिवसापासून मी उशाशी फोन घेऊन झोपू लागलो. तोडलेली मर्यादा आधीपेक्षा मागे सरकते ती अशी.

दुसऱ्यांदा सुरुवात वहीपासून केली. आठवडाभर काहीच बदललं नाही, फक्त संध्याकाळी सातनंतरचा प्रत्येक फोन लिहिला. एकूण 41 फोन. त्यांत खरोखर माझीच गरज होती ते 5. चौदा फोनांची उत्तरं पाळीच्या रजिस्टरमध्ये असायला हवी होती. उरलेले 22 "कळवून ठेवतो" या जातीचे, म्हणजे जबाबदारी माझ्या कानावर घालून मोकळं होण्याचे.

दुसऱ्या आठवड्यात निघण्याआधी पंधरा मिनिटं रात्रपाळीच्या सुपरवायझरसोबत उभं राहून चालू पॅटर्न, ग्रेड आणि शंकेचे लॉट लिहून द्यायला लागलो. तेवढ्यानेच ते चौदा जवळजवळ थांबले. मग ती वही घेऊन मालकांकडे गेलो. तक्रार केली असती तर ऐकलं नसतं, आकडे बघून ते स्वतःच म्हणाले, "एवढे फोन?" भट्टीच्या पॅनेलजवळ कागद लागला. फोन तीनच कारणांसाठी: कुणाला इजा झाली, मेटल भरलेली भट्टी बंद पडली, किंवा गिऱ्हाइकाची लाइन थांबतेय. बाकी सगळं रजिस्टरमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप रात्री आठ ते सकाळी सात म्यूट, पण तिसऱ्या आठवड्यात, कागद रुळल्यावर. सुट्टीचा दिवस सगळ्यांत शेवटी सोडवला.

एका वेळी एकच मर्यादा, हे मी आग्रहाने सांगेन. पहिले काही दिवस फोन वाजला नाही की हात आपोआप खिशाकडे जातो, काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. म्हणून कागद काढू नका. आणि कुणी चौथ्याच कारणासाठी फोन केला, तर उत्तर देऊन टाकण्याचा मोह आवरून "रजिस्टरला लिहा, सकाळी बघतो" एवढंच म्हणा. एकदा उत्तर दिलंत की कागदाला किंमत उरत नाही.

याला मर्यादाही आहे. दोघांचं काम एकाच माणसावर असेल, तर फोन आवरून काही होत नाही. तिथे वहीतले आकडे माणूस मागण्यासाठी वापरा. महिनाअखेरच्या डिस्पॅचला माझीही घडी विस्कटते. तेव्हा मी पुन्हा आठवडाभर फोन लिहितो. मागच्या वेळी आकडा नऊवर होता, आणि त्यातले सहा एकाच नव्या सुपरवायझरचे. त्याला भट्टीजवळ नेऊन तो कागद परत वाचून दाखवला.