डेल्टा म्हणजे शक्यता? मुदत बघून ठरवा

कॉलचा डेल्टा ०.३० दिसला की ‘एक्स्पायरीला इन द मनी राहण्याची शक्यता ३० टक्के’ असं आपण पटकन धरतो. आठवड्याभराच्या ऑप्शनला हे बऱ्यापैकी चालतं. लांब मुदतीत मात्र हाच हिशेब फसवतो.

ब्लॅक-शोल्स मॉडेलमध्ये कॉलचा डेल्टा N(d1) असतो आणि शक्यता N(d2). दोन्हींतला फरक असा:

d2 = d1 − σ√T

म्हणजे अस्थिरता किंवा मुदत वाढली की दरी रुंदावते. भाव १००, स्ट्राइक १००, अस्थिरता ४० टक्के, व्याज शून्य धरा. एका आठवड्याच्या कॉलचा डेल्टा ०.५१ येतो, शक्यता ४९ टक्के. फरक किरकोळच. मुदत एक वर्ष केली की डेल्टा ०.५८ होतो, पण शक्यता ४२ टक्क्यांवर घसरते!

पुट विकणाऱ्याने तर जास्तच जपावं. त्याच वर्षभराच्या पुटचा डेल्टा −०.४२ दिसतो, तर तो इन द मनी संपण्याची शक्यता ५८ टक्के असते. म्हणजे चूक नेमकी त्याच्या अंगावर येते.

आणि इन द मनी म्हणजे नफा नव्हे. या कॉलचा प्रीमियम साधारण १५.९ आहे. तो वसूल व्हायला भाव ११५.९ च्या वर जायला हवा, आणि त्याची शक्यता याच मॉडेलनुसार जेमतेम २८ टक्के. तीही बाजाराने किमतीत धरलेली अस्थिरता खरी मानली तर.