बिलाची तारीख आणि घसारा

वेंगुर्ल्यातल्या एका काजू कारखान्याची स्कॅन केलेली बिलं एक्सेलमध्ये उतरली, पण ड्रायरचं अख्खं बिल ‘दुरुस्ती’ खात्यात पडलं होतं. विक्रेत्याच्या नावावरून खातं ठरत होतं, ते मी बिलातल्या प्रत्येक ओळीनुसार केलं. ड्रायर २,४०,०००, वाहतूक ७,०००, बसवणी ३,००० मिळून मालमत्ता २,५०,०००. जीएसटीचं क्रेडिट घेतलंय, म्हणून तो यात नाही. सोबतचे सुटे पट्टे मात्र खर्चातच.

खरी मेख तारखेत होती. बिल २५ सप्टेंबरचं, ड्रायर चालू झाला २० नोव्हेंबरला. आयकरात वर्षातला वापर १८० दिवसांहून कमी असेल तर घसारा निम्मा, म्हणजे १५ ऐवजी ७.५ टक्के. बिलाची तारीख धरली असती तर पूर्ण लागला असता! म्हणून ‘वापर सुरू’ हा रकाना हाताने भरतो. घसारा १८,७५०, शिल्लक २,३१,२५०. पुढच्या वर्षी त्यावर १५ टक्के.