रात्री उशिरा येणारे पाहुणे, लॉकबॉक्स आणि एक नीट लिहिलेला मेसेज

कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. वर आम्ही राहतो आणि खालच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. येणारे बहुतेक जण अंधार पडल्यावरच पोचतात. मुंबईहून शुक्रवारी संध्याकाळी निघालेली बस चांदणी चौकात सोडते तेव्हा अकरा वाजलेले असतात, आणि लोहगावला उशिराच्या विमानाने उतरलेला माणूस एक-दीडला दारात उभा राहतो. सासूबाई दहाला झोपतात, त्यामुळे बेल हा प्रकार बाद. किल्ली लॉकबॉक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या कोडने उघडणाऱ्या छोट्या पेटीत ठेवायची आणि पाहुण्याने आपली आपण घ्यायची, अशी आमची पद्धत आहे. नव्याने होमस्टे सुरू करणारे मला बहुधा कुठली पेटी घ्यावी एवढंच विचारतात. खरं काम पेटीइतकंच सूचनांचं आहे, पण आधी पेटीचं सांगते.

बाजारात साधारण दोन तऱ्हा मिळतात. एकीत चार आकड्यांची चक्रं असतात, दुसरीत बटणं. बटणांची पेटी अंधारात दाबायला सोपी वाटते, पण तिच्या बऱ्याच मॉडेलमध्ये क्रमाला काही अर्थ नसतो आणि एक बटण एकदाच वापरता येतं. म्हणजे दहा बटणांतून चार निवडायची झाली तर सगळ्या मिळून २१० जोड्या. रिकामटेकड्याला एका दुपारचं काम. चक्रांच्या पेटीत दहा हजार कोड होतात, म्हणून मी तीच घेतली. कडीला अडकवायची पेटी हाताखाली डुलत राहते. भिंतीला चार स्क्रूंनी बसवलेली घ्या, आणि स्क्रू पेटीच्या आतून बसतात याची खात्री करा.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. रस्त्यावरून दिसू नये, वर छज्जा असावा आणि छातीच्या उंचीवर असावी. पाहुण्याच्या एका हातात बॅग असते, दुसऱ्यात फोन, आणि फोनचा टॉर्च लावला की चक्रं फिरवायला हात उरत नाही. त्यामुळे पेटीच्या वर बॅटरीवर चालणारा, माणूस आला की आपोआप लागणारा दिवा लावा. तो घरच्या लाइनवर नको. पावसाळ्यात वीज जायची वेळ आणि पाहुण्याची यायची वेळ हमखास एकच असते.

आता कोड. 6 आणि 9, 3 आणि 8, 1 आणि 7 या जोड्या मंद उजेडात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. मी कोडमध्ये फक्त 0, 2, 4, 5 आणि 7 वापरते. त्याने दहा हजारांचे सव्वासहाशे होतात, पण दर पाहुण्यामागे कोड बदलायचा असेल तर तेवढे पुरतात. पेटीवर आकडे इंग्रजी असतात, तेव्हा मेसेज मराठीत असला तरी कोड इंग्रजी आकड्यांतच लिहा. देवनागरी वाचायची सवय नसलेला माणूस १ ला सरळ 9 समजतो आणि ५ बघून 4 लावतो. पाहुण्याच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे कोड म्हणून ठेवायची युक्ती बरेच जण सांगतात. लक्षात राहायला ती छान आहे, पण तो नंबर टॅक्सीवाल्याकडेही असतो.

कोड बदलताना एक जागा फसवी आहे. बहुतेक चक्रांच्या पेट्यांत झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटी कळ असते. पेटी जुन्या कोडने उघडायची, कळ सरकवायची, नवे आकडे लावायचे आणि कळ परत जागेवर आणायची. ती पुरती मागे आली नाही तर पेटी अजून ‘कोड लावा’ याच अवस्थेत असते. मग तुम्ही चक्रं विस्कटता तोच नवा कोड होऊन बसतो, आणि तो कुणालाच माहीत नसतो. म्हणून कळ मागे सरकवल्यावर झाकण उघडं असतानाच चक्रं विस्कटा, खटका अडतो ना बघा, मग नवा कोड लावा आणि खटका खाली जातो का बघा. असं तीनदा करा. तिन्ही वेळा असंच झालं तरच किल्ली आत ठेवून झाकण लावा.

किल्लीला मोठं कीचेन लावू नका. जाडजूड कीचेन आतून झाकणाला रेटतं, त्यामुळे कोड बरोबर असूनही खटका अडकतो. एकदा रात्री बाराच्या पुढे नागपूरच्या एका गृहस्थांचा फोन आला, “ताई, कोड लागत नाहीये.” अशा वेळी कोड पुन्हा सांगून उपयोग नसतो, कारण नव्वद टक्के वेळा कोड बरोबरच असतो. मी विचारलं, आकडे कुठल्या रेषेवर आहेत? ते म्हणाले, वरच्या. आमच्या पेटीला मधोमध एक बारीक पांढरी खूण आहे, आकडे तिच्या समोर यावे लागतात. ते लावल्यावरही उघडेना. मग विचारलं, प्रत्येक चक्र ‘टक’ करून बसलंय की दोन आकड्यांच्या मध्ये आहे? एक मध्ये होतं. तेही बसवलं, तरी खटका अर्ध्यावर थांबला. तेव्हा म्हटलं, “तळहाताने झाकण आत दाबून धरा आणि तसंच धरून खटका खाली ओढा.” लगेच उघडलं. खूण, टक, झाकण दाबणं, याच क्रमाने विचारलं की वर झोपल्या झोपल्या फोनवर पेटी उघडून देता येते. त्यातलं झाकण दाबायचं वाक्य मी आता मेसेजमध्येच घालते. पावसाळ्याअखेर चक्रं जड फिरायला लागली तर तेल घालू नका, धूळ धरून ती आणखी अडतात. ग्रॅफाइटची पूड घाला.

सूचनांचा मेसेज मी दोन तुकड्यांत पाठवते. पत्ता आणि रस्ता आदल्या दिवशी, कोड मात्र यायच्या दिवशी संध्याकाळी, तोही ओळखपत्र हाती आल्यावरच. आधार पाठवणार असाल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पाठवा, असं मी आपणहून सांगते. लोकांना बरं वाटतं. परदेशी पाहुण्याच्या बाबतीत आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. तेव्हा कोड देण्याआधी पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घ्या आणि सकाळी मूळ कागद स्वतः बघा. दार आपोआप उघडलं म्हणून माणूस न बघता राहिला, असं होता कामा नये.

मेसेज लिहिताना हाताला आणि डोळ्याला जे ज्या क्रमाने भेटेल त्याच क्रमाने लिहायचं. आमचा दुसरा तुकडा असा असतो:

> नमस्कार. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडा, आत वळायला जागा नाही. मॅपची खूण मागच्या गल्लीत दाखवते, तिकडे जाऊ नका.
> डाव्या हाताचं तिसरं फाटक, हिरवं. कडी आतून आहे, वरून हात घालून उचला. आत आल्यावर परत लावा.
> कोपऱ्यावर कुत्री भुंकतात, चावत नाहीत. पळू नका.
> समोरचा जिना चढू नका. उजवीकडून घराच्या बाजूने जा, दिवा आपोआप लागेल. दिव्याखाली काळी पेटी आहे.
> पेटीचं रबरी झाकण खाली ओढा. कोड: 4270. आकडे मधल्या पांढऱ्या खुणेसमोर आणा. तळहाताने पेटी दाबून खटका खाली ओढा.
> पितळी किल्ली दाराची. दार स्वतःकडे ओढून धरा आणि किल्ली डावीकडे दोनदा फिरवा.
> पेटी बंद करून आकडे विस्कटा. आत गेल्यावर फक्त ‘पोचलो’ एवढं कळवा.
> अडलं तर फोन करा, कितीही वाजले तरी. बेल वाजवू नका.

‘दार स्वतःकडे ओढून धरा’ हे बारीक वाटेल, पण आमचं सागवानी दार पावसाळ्यात फुगतं आणि ओढल्याशिवाय किल्ली फिरत नाही. तुमच्या दाराची अशी खोड तुम्हाला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती लिहायची सुचतच नाही. म्हणून मेसेज तयार झाला की घरी कधी न आलेल्या एखाद्या ओळखीच्याला रात्री नऊनंतर बोलवा, मेसेज द्या आणि गप्प बसा. तो जिथे थांबेल तिथे वाक्य कमी आहे. माझ्या भाचीची मैत्रीण फाटकापाशीच थांबली होती. कडी आतून आहे हे तिला कोण सांगणार?

फोटोही त्याच वेळी काढा. दुपारी उन्हात काढलेल्या फोटोतलं हिरवं फाटक रात्री सोडियमच्या दिव्याखाली करडं दिसतं. फाटक, बाजूची वाट आणि पेटी असे तीनच फोटो पाठवा आणि पेटीच्या फोटोत चक्रांवर खरा कोड ठेवू नका. मजकूर मात्र फोटोत न कोंबता वेगळा पाठवा. नेट मंद असलं की फोटो गोल फिरत बसतो, चार ओळी पोचतात. बॅटरी संपत आलेल्यांसाठी कोड आणि फाटकाची ओळ साध्या एसएमएसनेही टाकते.

सोसायटीत फ्लॅट असेल तर पेटीच्या आधी वॉचमन येतो. त्याला पाहुण्याचं नाव, किती जण आणि अंदाजे वेळ रोज संध्याकाळी कळवावी लागते, आणि रात्रपाळीचा माणूस वेगळा असतो हे लक्षात ठेवा. कोड त्याला सांगू नका. पेटी जिन्यात लावायची तर कमिटीची परवानगी लागते. ती नाही म्हणाली तर स्वतःच्या ग्रिलच्या आतल्या बाजूला, बाहेरून हात पोचेल अशी बसवता येते.

आणि एक जादा किल्ली हवीच. आमच्याकडे मागच्या अंगणात दुसरी पेटी आहे, वेगळ्या कोडची. ती कुठल्याही मेसेजमध्ये नाही. पहिली पेटी काही केल्या उघडली नाही तरच मी फोनवर तिची जागा आणि कोड सांगते, आणि दुसऱ्या दिवशी तिचाही कोड बदलते. जाताना पाहुण्यांनी किल्ली पहिल्या पेटीत टाकून आकडे विस्कटायचे असतात. विस्कटायचं निम्मे लोक विसरतात, त्यामुळे खोली रिकामी झाली की चादरींना हात लावायच्या आधी मी पेटीकडे जाते.