टोमॅटोचं बूड काळं पडतंय? या चुका टाळा

मार्च सरताना उन्हाळी टोमॅटोच्या पहिल्या घोसातली फळं लिंबाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी होतात, आणि फुलाकडच्या टोकाला, म्हणजे बुडाला, पाणी लागल्यासारखा एक डाग दिसतो. काही दिवसांत तो तपकिरी होतो, मग काळा पडून आत दबतो. हात लावला तर वाळलेल्या चामड्यासारखा लागतो. फळ अवेळी लाल होतं आणि तोडणीत बाजूला पडतं. यालाच ब्लॉसम एन्ड रॉट म्हणतात. फळाला कॅल्शियम कमी पडल्याचं हे लक्षण आहे, हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण त्यावरून निघणारं अनुमानच चुकतं. फळात कॅल्शियम नाही म्हणजे वावरात नाही, असं समजून गोण्या येतात.

अंजनगाव सुर्जीकडच्या एका एकराचं उदाहरण घेऊ. भारी काळी जमीन, ठिबक, फेब्रुवारीत लागवड. पहिल्या घोसावर डाग दिसल्याबरोबर आधी बुरशीनाशकाची फवारणी झाली. खरं तर हा रोगच नाही. डागावर दिसणारी काळी बुरशी नंतर मेलेल्या भागावर येऊन बसलेली असते. ओळखायला सोपं आहे: डाग फक्त बुडाला असतो, पानं निरोगी दिसतात, आणि फळावर अळीचं छिद्र नसतं. उन्हाने भाजलेल्या फळावरचा डाग पांढुरका असतो आणि उन्हाकडच्या बाजूला येतो, त्यामुळे त्याच्याशी गल्लत व्हायचं कारण नाही.

बुरशीनाशकाने काही झालं नाही, तेव्हा जिप्समच्या 50 किलोच्या चार गोण्या आल्या. इथे जरा हिशोब करू. काळ्या जमिनीच्या तपासणीत 100 ग्रॅम मातीमागे 30 मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास विनिमयक्षम कॅल्शियम मिळणं ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे एक किलो मातीत 6 ग्रॅम. एकराचा वरचा अर्धा फूट थर साधारण 8 लाख किलो भरतो. त्यात झालं जवळपास 4,800 किलो कॅल्शियम, आणि नांगराला लागणारे चुनखडीचे खडे यात धरलेले नाहीत. चार गोण्या जिप्सममधून मिळतं जेमतेम 40-45 किलो. आता पिकाची गरज बघा. 100 ग्रॅम टोमॅटोत सुमारे 10 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एकरी 20 टन माल निघाला तरी सगळ्या फळांत मिळून फक्त 2 किलो जातं. पाना-खोडांत त्याच्या कितीतरी पट अडकतं, तरी ती सगळी गरज मिळूनही जमिनीतल्या साठ्यापुढे किरकोळच. तेव्हा तुटवडा वावरात नाही. माल गोदामात आहे, तो फळापर्यंत पोचत नाही.

तो का पोचत नाही हे कळलं की पुढच्या चुका आपोआप दिसायला लागतात.

झाडात कॅल्शियम फक्त पाण्याबरोबर वर चढतं. मुळांनी ओढलेलं पाणी ज्या नळ्यांतून वर जातं, तीच त्याची एकमेव वाट. पानांच्या छिद्रांतून पाण्याची वाफ होते, म्हणून पाणी पानांकडे खेचलं जातं आणि कॅल्शियमही तिकडेच जातं. टोमॅटोच्या फळाच्या सालीला अशी छिद्रं नसतात, त्यामुळे फळ पाणी ओढून घेत नाही. फळ फुगतं ते मुख्यतः पानांकडून येणाऱ्या साखरेच्या रसावर, आणि त्या रसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. शिवाय पानात एकदा मुरलेलं कॅल्शियम तिथून निघत नाही. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, कॅल्शियमच्या बाबतीत ती सोय नाही. फळाच्या आतही बुडाकडे पोचणाऱ्या नळ्या सगळ्यात कमी असतात. फळ झपाट्याने फुगत असताना, म्हणजे फळधारणेनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, तिथल्या पेशींना कॅल्शियम मिळालं नाही की त्यांची पातळ आवरणं फुटतात, आतलं पाणी झिरपतं आणि तो भाग बसतो.

दुपारी गरम वारा सुटला की पानं सगळं पाणी आपल्याकडे ओढतात. फळाची पाळी रात्री येते. हवा थंडावते, पानांची ओढ कमी होते, आणि मुळांच्या दाबाने पाणी सगळीकडे सारखं चढतं. त्या वेळी मुळाशी ओल असली तर फळाला त्याचा वाटा मिळतो. संध्याकाळपर्यंत मुळाचा थर सुकून गेला असेल तर रात्रही फुकट जाते.

आता त्या एकराच्या पाण्याकडे वळू. "पाणी तं मी भरपूर देतो भाऊ, सहा घंटे मोटर चालते," असं त्या शेतकऱ्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. तासाला 2 लिटरचे ड्रिपर, झाडामागे साधारण एक, दर चौथ्या दिवशी 6 तास. म्हणजे झाडाला एका वेळी 12 लिटर, रोजचे 3 लिटर पडले. एप्रिलातल्या भर वाढीच्या झाडाची गरज साधारण तेवढीच. प्रमाण बरोबर होतं, वाटणी चुकली होती. काळी माती एकदम 12 लिटर घेते तेव्हा मुळाजवळची हवा निघून जाते आणि पहिला दिवसभर मुळं गुदमरलेली असतात. गुदमरलेलं मूळ कॅल्शियम नीट घेत नाही. मधले दोन दिवस ठीक जातात. चौथ्या दिवशी वरचा थर भेगाळतो, आणि या भेगांत कोवळी मुळं तुटतात. कॅल्शियम घेण्याचं काम मुख्यतः मुळाची कोवळी टोकंच करतात, जुनं जाड मूळ नाही. चार दिवसांच्या फेऱ्यात दोन दिवस वाया गेले, आणि फळाचा नाजूक काळ आधीच पंधरा-वीस दिवसांचा.

उपाय म्हणून तेच 3 लिटर रोज द्यायचे: सकाळी पाऊण तास आणि दिवस मावळताना पाऊण तास. लाईन रात्रीची असेल त्या दिवसांत दीड तास एकदम चालवलं तरी चालेल, रात्रीचं पाणी फळाच्या कामाचंच आहे. फक्त चार दिवसांचं पाणी एका रात्रीत उरकू नका. सरीने पाणी देणाऱ्यांनी पाळी जवळ आणावी, एकाआड एक सरी भिजवावी आणि भेगा पडायची वाट बघू नये. झाडापासून वीतभर अंतरावर वीतभर खोल उकरून मूठभर माती दाबून बघा. गोळा व्हावा आणि हात चिकट होऊ नये, इतकी ओल बरोबर. माती तळहाताला लिंपली तर पाणी जास्त झालं, भुरभुरली तर उशीर झाला. बोधावर सोयाबीनचं कुटार दोन-तीन इंच पसरलं तर ही ओल बराच वेळ टिकते. मल्चिंग पेपर असेल तर उत्तमच.

डवरणीचंही असंच आहे. फळं धरल्यावर झाडाच्या अगदी जवळून डवरा खोल चालवला तर तीच कोवळी टोकं कापली जातात. त्या दिवसांत तण हाताने निंदलेलं बरं.

दुसरी मोठी चूक युरियाची. फळं धरली की "जरा जोर देऊ" म्हणून ठिबकमधून युरियाचे डोस वाढतात. युरियातून तयार होणारं अमोनियम मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतं, आणि नत्राने फोफावलेला पाला पाणी आणखी आपल्याकडे ओढतो. पोटॅशची गरज असते, पण त्याचाही एकदम मोठा डोस कॅल्शियमला मागे ढकलतो. म्हणून हप्त्याचा डोस दोन-तीन वेळा विभागून द्या, आणि फळधारणेच्या काळात युरियाऐवजी काही नत्र कॅल्शियम नायट्रेटमधून द्या. काळ्या जमिनीत त्यातल्या कॅल्शियमपेक्षा त्यातलं नायट्रेट जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत आहे. हे खत 0-0-50, 12-61-0, 0-52-34 किंवा मॅग्नेशियम सल्फेट यांच्याबरोबर एका टाकीत कधीच मिसळू नका. पांढरा साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात. त्याला वेगळा दिवस ठेवा.

फवारणीबद्दल लोकांचा विश्वास जरा जास्तच आहे. पानावर पडलेलं कॅल्शियम पानातच राहतं, फळात उतरत नाही. अगदी कोवळ्या फळाच्या सालीवर द्रावण पडलं तर थोडंफार आत शिरतं, एवढाच त्याचा फायदा. कॅल्शियम क्लोराईड वापरायचं तर लिटरला 5 ग्रॅमच्या वर नको, आणि संध्याकाळी, घोसावर नेम धरून. एप्रिलच्या उन्हात ते पानं करपवतं. काळा डाग पडलेलं फळ कशानेच बरं होत नाही, ते तोडून टाका, म्हणजे झाडाची ताकद पुढच्या फळांना मिळेल.

फवारणीचं नाव होतं त्यामागे आणखी एक कारण आहे. हा त्रास पहिल्या घोसांवर जास्त असतो, पुढे मुळं पसरली की बऱ्याचदा आपोआप कमी होतो. मध्ये जे फवारलं असेल त्याला श्रेय मिळतं. याची उलट बाजूही लक्षात ठेवा. आज दिसणारा डाग मागच्या पंधरवड्यातल्या ओढाताणीचा आहे. पाणी सुधारल्यानंतरही आठ-दहा दिवस नवे डाग दिसत राहतील, तेव्हा घाबरून उपाय बदलू नका. पाणी बदललं त्या दिवशी फुलात असलेल्या चार-पाच घोसांना रंगीत सुतळी बांधा आणि निकाल फक्त त्या घोसांवर बघा.

हे सगळं भारी काळ्या जमिनीचं झालं. गडचिरोली, गोंदियाकडच्या हलक्या, आम्लधर्मी जमिनीत कॅल्शियम खरोखरच कमी असू शकतं. तिथे मातीचा सामू 5.5 च्या खाली आला तर लागवडीआधी शिफारशीप्रमाणे चुना टाकणं योग्य ठरतं. 8 सामूच्या काळ्या जमिनीत चुना टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागात, जिप्समला काम आहे, पण ते चोपण जमीन सुधारण्याचं, आणि पिकाच्या आधी. तिथे विहिरीचं पाणीच खारट असेल तर जमिनीत ओल असूनही मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून मातीबरोबर पाण्याचीही तपासणी करा.

आणि पाणी, खत सगळं नीट बसवूनही बांधलेल्या घोसांवर डाग आलेच, तर एक झाड अलगद उपटून मुळं धुऊन बघा. मुळांवर गाठीच गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा त्रास आहे, आणि त्याचा इलाज वेगळा.