४के मॉनिटर ६० हर्ट्झवरच अडकलाय? नवी केबल घेण्याआधी या चुका टाळा

४के, १४४ हर्ट्झचा मॉनिटर एचडीएमआयने जोडला, पण सेटिंग्जमध्ये ६० च्या पुढचा पर्यायच दिसत नाही. अशा वेळी बरेच जण आधी महागडी केबल आणतात. पहिली चूक इथेच होते.

आधी हिशेब करा. ३८४० × २१६० म्हणजे एका फ्रेमला सुमारे ८३ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला १४४ फ्रेम धरल्या, तर २८.७ गिगाबिट होतात. फ्रेम्सच्या मधला रिकामा वेळ मिळवला की आकडा ३१ च्या आसपास जातो. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट सांगतात, पण त्यातला पाचवा हिस्सा एन्कोडिंगमध्येच जातो. उरलेल्या १४.४ मध्ये पूर्ण रंगांचं ४के ६० हर्ट्झलाच मावतं. कॉम्प्युटरचं किंवा मॉनिटरचं पोर्ट २.० असेल, तर कितीही भारी केबल लावा, आकडा हलणार नाही.

मग खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ पाहून निश्चिंत व्हावं का? नाही. २.१ मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे १८ गिगाबिटचं पोर्टही या नावाने विकलं जातं. माझ्या मते हा ‘२.१’ आकडा जवळपास निरुपयोगी आहे. त्याऐवजी स्पेसिफिकेशनमध्ये त्या विशिष्ट पोर्टपुढे किती गिगाबिट आणि किती हर्ट्झ लिहिलंय ते वाचा. केबलवर मात्र ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं प्रमाणित लेबल शोधा.

डिस्प्लेपोर्ट १.४ लाही चित्रासाठी २५.९ गिगाबिटच मिळतात, म्हणजे ३१ तिथेही मावत नाहीत. तरीही त्यावर ४के १४४ चालतं, ते डीएससी या कॉम्प्रेशनमुळे. ते ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही यायला हवं. काही मॉनिटरच्या मेनूत डीएससी किंवा डिस्प्लेपोर्टची आवृत्ती बदलता येते, ती १.२ वर राहिली असेल तर १४४ मिळणार नाही. डीएससी नसेल तर १२० हर्ट्झ दर रंगाला ८ बिट, म्हणजे पिक्सेलला २४ बिट धरून जेमतेम बसतं, पण १० बिट निवडलं की तेही जातं.

कधी हर्ट्झ वाढतात, पण काळ्या-पांढऱ्या मजकुराच्या कडांना लाल-निळी झाक येते. जागा वाचवण्यासाठी रंगांची माहिती कापली गेली, असा त्याचा अर्थ. विंडोजमध्ये `Settings > System > Display > Advanced display` उघडा. तिथे `Color format` पुढे RGB ऐवजी YCbCr 4:2:0 किंवा 4:2:2 दिसलं, तर कारण सापडलं.

केबलचा दोष सहसा वेगळा दिसतो. १४४ निवडता येतं, पण स्क्रीन क्षणभर काळी होते किंवा ठिपके चमकतात, आणि ६० वर आणलं की सगळं थांबतं. अशा वेळी दोन मीटरच्या आतली प्रमाणित केबल लावून पाहा. डिस्प्लेपोर्टवर मात्र कमकुवत केबलमुळे लिंक आपोआप खालच्या वेगावर येते आणि वरचे पर्याय गायबही होऊ शकतात, म्हणून तिथे पोर्टला दोष देण्याआधी केबल बदलून बघणं बरं.